कापला, पण भरला नाही

बाईंनी मला सातवीत गणित शिकवलं. पुढे मी करसल्लागार झालो आणि त्यांचं विवरणपत्र भरायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. पेन्शन, दोन-तीन मुदत ठेवी, एवढाच त्यांचा पसारा. अर्ध्या तासात काम व्हायचं. २०२४ साली मात्र त्या नोव्हेंबरच्या एका सकाळी आल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "अरे, हे बघ. सरकार माझ्याकडे पंच्याऐंशी हजार मागतंय. मी तर सगळा कर भरला होता ना?"

बाईंनी खरंच सगळा कर भरला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी आपला पुण्यातला जुना फ्लॅट पंच्याऐंशी लाखांना विकला. घेणाऱ्यानं किमतीच्या एक टक्का, म्हणजे पंच्याऐंशी हजार रुपये, टीडीएस म्हणून कापून घेतले आणि उरलेले चौऱ्याऐंशी लाख पंधरा हजार दिले. कापलेली रक्कम त्यानं सरकारजमा करायची होती. त्यानं ती केली नाही. सरकारच्या खात्यात पैसे आले नाहीत, म्हणून बाईंच्या नावावर जमा दिसली नाही, आणि जमा दिसली नाही म्हणून मागणी निघाली. (बाईंची आणि घेणाऱ्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकड्यांचं गणित मात्र जसंच्या तसं आहे.)

गेल्या काही वर्षांत अशी प्रकरणं माझ्यापुढे वारंवार आली. प्रत्येक वेळी विकणारा माणूस बाईंसारखाच गोंधळलेला असतो, कारण त्याच्या बाजूनं काहीच चुकलेलं नसतं. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून सांगतो.

हा नियम १ जून २०१३ पासून आला. आयकर कायद्याच्या कलम १९४-आयए प्रमाणे पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून विकत घेताना, घेणाऱ्यानं एक टक्का कर कापून ठेवायचा. शेतजमीन याला अपवाद. कर फक्त पन्नास लाखांवरच्या रकमेवर कापायचा असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे, कपात पूर्ण किमतीवर होते. एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्कासाठी धरलेलं मूल्य करारातल्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर त्या जास्तीच्या आकड्यावर एक टक्का मोजायचा.

कंपन्या आणि दुकानदार टीडीएस कापतात तेव्हा त्यांच्याकडे टॅन नावाचा वेगळा क्रमांक असतो, हिशेबनीस असतो, दर तिमाहीचं विवरणपत्र असतं. घर घेणारा असतो साधा पगारदार. त्याला हे सगळं झेपणार नाही, म्हणून सरकारनं त्याच्यासाठी सोपी वाट काढली. टॅनची गरज नाही. आयकर खात्याच्या पोर्टलवर फॉर्म २६क्यूबी भरायचा, त्यात स्वतःचा आणि विकणाऱ्याचा पॅन, मालमत्तेचा पत्ता, किंमत, पैसे दिल्याची आणि कर कापल्याची तारीख टाकायची आणि तिथूनच पैसे भरायचे. ज्या महिन्यात कर कापला तो महिना संपल्यापासून तीस दिवसांची मुदत असते. त्यानंतर पंधरा दिवसांत घेणाऱ्यानं फॉर्म १६बी हा दाखला उतरवून विकणाऱ्याच्या हाती द्यायचा.

बाईंच्या व्यवहारात कर फेब्रुवारीत कापला होता. फॉर्म भरायची शेवटची तारीख होती ३० मार्च २०२४, दाखला द्यायची १४ एप्रिल. या दोन्ही तारखा बाईंना कुणी सांगितल्या नव्हत्या. एजंटनं खरेदीखताच्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, "टीडीएसचं ते बघतील, तुम्ही काळजी करू नका."

वाट सोपी केली खरी, पण तिच्यात एक मोठी भेग राहून गेली. पगारातून कर कापणारी कंपनी दर महिन्याला, दर तिमाहीला तेच करते; एकदा चुकली तर पुढच्या तिमाहीत पकडली जाते. घर घेणारा आयुष्यात एक-दोनदाच कर कापतो. त्यानं फॉर्मच भरला नाही, तर त्याच्या नावावर कोणतीही अपुरी नोंद उरत नाही जी पाहून संगणक त्याला लगेच हटकेल. तीस लाख आणि त्यावरच्या व्यवहारांची माहिती दुय्यम निबंधकाकडून आयकर खात्याला जाते, पण ती घेणाऱ्यापर्यंत नोटीस होऊन पोहोचायला वेळ लागतो. विकणारा मात्र त्याच वर्षी विवरणपत्र भरतो, त्यात जमा मागतो, आणि काही महिन्यांत मागणी त्याच्याच दारात येते. चूक एकाची आणि पहिली चिठ्ठी दुसऱ्याला, असं या रचनेतच घडतं.

बाईंच्या प्रकरणातला घेणारा तरुण लबाड नव्हता, एवढं मी त्याला भेटल्यानंतर सांगू शकतो. पंच्याऐंशी लाखांपैकी अडुसष्ट लाख बँकेच्या गृहकर्जातून आले. सतरा लाख त्याचे स्वतःचे. त्यातले सोळा लाख पंधरा हजार त्यानं बाईंना चेकनं दिले आणि पंच्याऐंशी हजार कापून स्वतःच्या खात्यात ठेवले. नंतर स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, रंगकाम, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क यांत खातं रिकामं झालं. मुदत उलटल्यावर उशिराची फी लागते असं कळलं, तेव्हा तो आणखी घाबरला आणि गप्प बसला. बहुतेक प्रकरणांत असंच होतं. ज्या खात्यातून पुढचा हप्ता जाणार आहे त्याच खात्यात सरकारचे पैसे पडून राहतात, आणि ते आपले नाहीत हे हळूहळू विसरायला होतं.

आता बाईंचा कर पाहू. फ्लॅट त्यांनी २००६-०७ साली अठरा लाखांना घेतला होता. महागाई निर्देशांकाप्रमाणे ती किंमत २०२३-२४ साली सुमारे एक्कावन्न लाख चौतीस हजार झाली. पंच्याऐंशी लाखांतून ती वजा केली की भांडवली नफा सुमारे तेहेतीस लाख सहासष्ट हजार. त्यावर वीस टक्के कर आणि चार टक्के उपकर धरून जवळजवळ बरोबर सात लाख रुपये झाले. नवं घर घ्यायचं नव्हतं, त्यामुळे सूट नव्हती. बाईंनी जुलैत सहा लाख पंधरा हजार स्वतः भरले आणि उरलेले पंच्याऐंशी हजार टीडीएसमधून वळते करून घेतले.

विवरणपत्र भरताना मी त्यांचा फॉर्म २६एएस पाहिला होता. हा आपल्या पॅनवर सरकारकडे जमा झालेल्या कराचा उतारा. त्याच्या चौथ्या भागात मालमत्ता विकणाऱ्याच्या नावे जमा झालेला टीडीएस दिसतो. बाईंचा तो भाग कोरा होता. त्या क्षणी माझ्यापुढे दोन वाटा होत्या. जमा दिसत नाही म्हणून ते पंच्याऐंशी हजार बाईंनाच पुन्हा भरायला लावायचे, किंवा कर कापला गेला आहे हे धरून जमा मागायची आणि येईल त्या मागणीला तोंड द्यायचं. मी दुसरी वाट धरली. विवरणपत्रात घेणाऱ्याचा पॅन टाकून रक्कम हातानं लिहिली. भांडवली नफ्याच्या तक्त्यातही घेणाऱ्याचं नाव, पॅन, पत्ता आणि दिलेली रक्कम लिहावी लागते. ती सगळी लिहिली. हे करणं आवश्यक होतं. ज्यानं विवरणपत्रात जमा मागितलीच नाही, त्याला पुढे "माझा कर कापला होता" असं म्हणणं जड जातं.

"पण मग मागणी आलीच कशी?" बाईंनी विचारलं. "कापलेत ना त्यांनी?"

उत्तर कायद्यातल्या दोन कलमांमध्ये आहे, आणि ही दोन कलमं समजली की सगळं प्रकरण समजतं. कलम १९९ म्हणतं की कापलेला आणि सरकारकडे भरलेला कर हा ज्याच्या उत्पन्नातून कापला त्याच्या नावे जमा धरायचा. इथे 'भरलेला' हा शब्द आहे. कलम २०५ म्हणतं की जिथे कर उगमापाशी कापायचा असतो, तिथे उत्पन्नातून जेवढा कर कापला गेला आहे तेवढ्यापुरता तो कर भरायला त्या माणसाला सांगता येणार नाही. इथे 'भरलेला' हा शब्द नाही. फक्त 'कापलेला' आहे.

बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रातला संगणक पहिलं कलम वाचतो. त्याला बाईंच्या उताऱ्यात आकडा सापडत नाही, म्हणून तो पंच्याऐंशी हजार नाकारतो आणि कलम १४३(१) खाली सूचनापत्र पाठवतो. दुसरं कलम वाचण्याची सोय त्याच्यात नाही. कारण खरेदीखतात काय लिहिलं आहे, बँकेत किती पैसे आले, हे त्याला ठाऊक नसतं. ते माणसालाच दाखवावं लागतं आणि माणसालाच पटवावं लागतं.

दुसरं कलम किती भक्कम आहे? मुंबई उच्च न्यायालयाचा २००७ सालचा निकाल, २९३ आयटीआर ५३९, याच प्रश्नावर आहे. तिथे मालकानं नोकराच्या पगारातून कर कापला होता आणि सरकारकडे भरला नव्हता. न्यायालयानं सांगितलं की कर कापला गेला की तो पुन्हा नोकराकडून मागता येत नाही. वसुली कापणाऱ्याकडून करायची. पुढे किंगफिशर एअरलाइन्स बुडाली तेव्हा तिच्या वैमानिकांपुढे हाच प्रसंग आला. पगारातून कर कापलेला, कंपनीनं भरलेला नाही, आणि खातं वैमानिकांच्या मागे. गुजरात आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी वैमानिकांच्या बाजूनं निकाल दिले. हे निकाल पगारावरचे असले तरी कलम २०५ पगारापुरतं नाही. कर कापण्याच्या प्रत्येक प्रकाराला ते लागू आहे, घराच्या विक्रीलाही.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानंही १ जून २०१५ च्या पत्रानं आपल्या अधिकाऱ्यांना बजावलं की कापणाऱ्यानं कर न भरल्यामुळे झालेल्या तफावतीची मागणी करदात्याकडून सक्तीनं वसूल करू नये. ११ मार्च २०१६ रोजी मंडळानं तेच पुन्हा सांगितलं. एकच गोष्ट नऊ महिन्यांत दोनदा सांगावी लागली, यावरून पहिल्या पत्राचं काय झालं असेल याची कल्पना येते.

या पत्राची मर्यादाही ओळखायला हवी. 'सक्तीनं वसूल करू नये' म्हणजे मागणी रद्द होते असं नाही. ती पोर्टलवर तशीच उभी राहते आणि तिच्यावर दरमहा एक टक्का व्याज मोजलं जातं. पुढच्या एखाद्या वर्षी बाईंना मुदत ठेवीवरच्या टीडीएसचा परतावा मिळणार असेल, तर संगणक तो या मागणीत वळता करून घेऊ शकतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये असं वळतं करून घेणं ही मागच्या दारानं केलेली वसुली आहे आणि कलम २०५ तिलाही अडवतं असं म्हटलं. पण त्यासाठी कुणीतरी न्यायालयात जावं लागलं. पंच्याऐंशी हजारांसाठी रिट करणं किती जणांना परवडेल? माझ्या मते मंडळानं ही मागणी संगणकाच्या पातळीवरच थांबवायला हवी. विवरणपत्रात घेणाऱ्याचा पॅन आहे, दुय्यम निबंधकाची माहिती खात्याकडे आहे. दोन्ही जुळवून पहिली नोटीस घेणाऱ्याला पाठवणं अशक्य नाही.

या कलमाची सगळी ताकद एका गोष्टीवर टेकलेली आहे: कर कापला गेला हे विकणाऱ्याला सिद्ध करता आलं पाहिजे. घेणाऱ्यानं पूर्ण पंच्याऐंशी लाख दिले असते आणि कापलंच नसतं, तर बाईंना हे कलम वापरता आलं नसतं. त्यांच्या हातात पूर्ण पैसे आले असते आणि कर त्यांनीच भरायचा असता. म्हणून प्रश्न पुराव्याचा होतो.

मी बाईंना खरेदीखत आणायला सांगितलं. त्यात मोबदल्याचा तपशील होता: टोकनचे दोन लाख चेकनं, नंतर चौदा लाख पंधरा हजार चेकनं, अडुसष्ट लाख बँकेच्या पे ऑर्डरनं, आणि चौथ्या ओळीत 'कलम १९४-आयए प्रमाणे खरेदीदाराने कपात केलेला कर रु. ८५,०००'. चारही रकमांची बेरीज पंच्याऐंशी लाख. खरेदीखत नोंदणीकृत होतं, खाली दोघांच्या सह्या होत्या. बाईंच्या पासबुकात चौऱ्याऐंशी लाख पंधरा हजार आलेले दिसत होते, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. याहून चांगला पुरावा सहसा मिळत नाही.

पण दुसऱ्या एका प्रकरणात मी याच्या उलट पाहिलं आहे. मसुद्यात 'संपूर्ण मोबदला विक्रेत्यास पावला, काही येणे बाकी नाही' एवढंच वाक्य होतं. टीडीएसचा उल्लेखच नव्हता. बँकेत एक टक्का कमी आला होता, पण तो कर म्हणून कापला की किंमतच तेवढी कमी ठरली, हे कागदावरून सांगता येत नव्हतं. घेणाऱ्याशी झालेले व्हॉट्सॲपचे संदेश शोधून काढावे लागले. खरेदीखतात ती एक ओळ असणं आणि नसणं यात एवढा फरक पडतो.

बाईंच्या बाबतीत आम्ही दोन कामं एकाच वेळी केली. पोर्टलवर `Response to Outstanding Demand` या ठिकाणी जाऊन मागणी मान्य नाही असं कळवलं. कारण लिहिलं, आणि खरेदीखत व पासबुकाच्या प्रतींसह एक पत्र बाईंच्या विभागाच्या आयकर अधिकाऱ्याला दिलं. पत्रात कलम २०५, मंडळाची दोन पत्रं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यांचा उल्लेख केला. दुसरं काम घेणाऱ्याला पत्र पाठवण्याचं. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. बाईंना आधी हे आवडलं नाही. "अरे, मुलगा चांगला आहे. कशाला त्याला नोटिसा?" पण फोनवर तो तीनदा 'करतो, करतो' म्हणाला होता, आणि फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही.

पत्रात मी धमकी लिहिली नाही. त्याच्या डोक्यावर रोज काय चढतंय एवढंच मांडलं. कापलेला कर भरायला उशीर झाला की कापल्याच्या तारखेपासून दरमहा, किंवा महिन्याच्या भागाला, दीड टक्का व्याज. फॉर्म २६क्यूबी भरायला उशीर झाला की दिवसाला दोनशे रुपये फी, कराच्या रकमेएवढी होईपर्यंत. आणि कापलेला कर सरकारकडे न भरणं हा कलम २७६बी खाली खटला होऊ शकणारा गुन्हा आहे, ज्याला तीन महिने ते सात वर्षांची सक्तमजुरी सांगितली आहे. हे वाचून तो स्वतः माझ्याकडे आला.

१६ डिसेंबर २०२४ ला त्यानं पैसे भरले आणि बाईंना चलन पाठवलं. प्रकरण संपलं असं आम्हाला वाटलं. आठवडाभरानं २६एएस उघडला, तर बाईंच्या २०२३-२४ च्या उताऱ्यात तो भाग अजून कोराच! पंच्याऐंशी हजार २०२४-२५ च्या वर्षात जाऊन बसले होते.

घेणाऱ्यानं फॉर्ममध्ये कर कापल्याची आणि पैसे दिल्याची तारीख डिसेंबरची टाकली होती. कुणीतरी त्याला सुचवलं होतं की तारीख आजची टाकली तर उशिराची फी लागत नाही. संगणकाच्या दृष्टीनं ते बरोबरही होतं: डिसेंबरात कापला, डिसेंबरात भरला, उशीर कुठला? पण त्यामुळे बाईंची जमा चुकीच्या वर्षात गेली, जिथे त्यांनी काहीच विकलं नव्हतं. आणि खरेदीखताची तारीख फेब्रुवारीची असल्यामुळे ही भर खोटी आहे हे कागदावर उघड होतं. विकणाऱ्यानं हे जरूर पाहावं. चलन मिळालं एवढ्यावर समाधान मानू नये. जमा त्याच वर्षात, त्याच पॅनवर आणि तेवढ्याच रकमेची आली का, हे २६एएसमध्ये पाहावं. दोन विकणारे असतील, समजा पती-पत्नी, तर प्रत्येक घेणारा आणि प्रत्येक विकणारा यांच्या जोडीला वेगळा फॉर्म लागतो. एकाच्याच पॅनवर सगळी रक्कम भरली, तर दुसऱ्याची जमा अशीच हरवते.

पुढे घेणाऱ्याला ट्रेसेस या पोर्टलवर जाऊन फॉर्म २६क्यूबीची दुरुस्ती करावी लागली. विकणाऱ्याला ती करता येत नाही. चूक कुणाचीही असली तरी फॉर्म घेणाऱ्याचा असतो. तारखा फेब्रुवारी २०२४ च्या झाल्या, आणि त्याबरोबर खरा हिशेब बाहेर आला. फेब्रुवारी ते डिसेंबर असे अकरा महिने, दीड टक्क्यानं चौदा हजार पंचवीस रुपये व्याज. ३१ मार्च ते १६ डिसेंबर असे दोनशे एकसष्ट दिवस, दिवसाला दोनशेप्रमाणे बावन्न हजार दोनशे रुपये फी. एकूण सहासष्ट हजार दोनशे पंचवीस. पंच्याऐंशी हजारांचा कर भरायला त्याला जवळजवळ तेवढाच दुसरा खर्च आला. तो हताश झाला होता, आणि मला त्याचं वाईट वाटलं. ३० मार्चपूर्वी कुणीतरी त्याला एक फोन केला असता तर यातला एक पैसाही लागला नसता.

जमा योग्य वर्षात आल्यावर बाईंच्या बाजूनं कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज केला. यासाठी नवं विवरणपत्र लागत नाही; पोर्टलवर जुन्या विवरणपत्रावर पुन्हा प्रक्रिया करा असं सांगायचं असतं. हा अर्ज सूचनापत्र ज्या आर्थिक वर्षात निघालं ते संपल्यापासून चार वर्षांत करता येतो, त्यामुळे घेणारा उशिरा शहाणा झाला तरी वाट बंद होत नाही.

आणि घेणारा शहाणा झालाच नाही तर? तेव्हा विकणाऱ्यानं टीडीएस पाहणाऱ्या आयकर अधिकाऱ्याला घेणाऱ्याचा पॅन, खरेदीखताची प्रत आणि आपल्याला आलेलं सूचनापत्र जोडून लेखी कळवावं. कलम २०१ प्रमाणे घेणारा हाच थकबाकीदार ठरतो, आणि वसुली त्याच्याकडून करायची असते. स्वतःकडची मागणी मात्र आपल्या विभागाच्या अधिकाऱ्यापुढे कलम २०५ दाखवूनच लढवावी लागते. ही दोन वेगळी दारं आहेत, आणि एका दारावर थाप मारली म्हणून दुसरं उघडत नाही.

ज्यांनी घर विकून नवं घर घेतलं आणि कलम ५४ ची पूर्ण सूट मिळवली, त्यांची अडचण आणखी अवघड असते. त्यांचा कर शून्य असतो, म्हणून कापलेली रक्कम परतावा म्हणून यायची असते. कलम २०५ मागणी अडवतं. जे पैसे सरकारकडे आलेच नाहीत ते परत द्या, असं त्यात शब्दांत लिहिलेलं नाही. अशा वेळी घेणाऱ्याला कायदेशीर नोटीस आणि गरज पडल्यास दिवाणी दावा, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनी हे दुप्पट काळजीनं वाचावं. विकणारा अनिवासी असेल तर एक टक्क्याचा नियम लागूच होत नाही. कलम १९५ लागतं, आणि कर कितीतरी जास्त दरानं कापला जातो. जुलै २०२४ नंतर पंच्याऐंशी लाखांच्या फ्लॅटवर, कमी कपातीचा दाखला आधी न घेता पूर्ण किमतीवर कर कापला, तर रक्कम बारा लाखांच्या पुढे जाते. ठाण्यातला फ्लॅट विकून दुबईला परतलेल्या माणसाचे बारा लाख घेणाऱ्याच्या खात्यात अडकले, तर रजिस्टर पोस्टाच्या पत्रावर ते सुटतील याची खात्री देता येत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्याआधीच्या वर्षांतल्या व्यवहारांची भांडणं जुन्या कायद्यावरच चालतील, म्हणून इथे जुनेच क्रमांक दिले.

हे सगळं टाळायची सर्वांत चांगली वेळ म्हणजे खरेदीखताचा दिवस. कर पैसे देतानाच कापला जातो, त्यामुळे तो त्याच दिवशी भरायला काहीच आडकाठी नाही. तीस दिवस ही शेवटची मुदत आहे, थांबण्याचा मुहूर्त नाही. घेणाऱ्यानं दुय्यम निबंधक कार्यालयात येताना भरलेल्या २६क्यूबीचं चलन सोबत आणावं, आणि त्याचा क्रमांक व तारीख मोबदल्याच्या तपशिलात लिहावी, असा आग्रह विकणारा धरू शकतो. फक्त फॉर्म भरल्याची पोच चालणार नाही. पैसे न भरताही फॉर्मचा क्रमांक तयार होतो. चलनावर बँकेची पैसे जमा झाल्याची नोंद हवी. घेणारा ओळखीचा असेल, घाईत असेल, एजंट 'नंतर होईल' म्हणत असेल, तरी हे मागायला संकोच करू नका. पंच्याऐंशी लाखांच्या व्यवहारात चलन मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

बाईंची मागणी फेब्रुवारी २०२५ मध्ये शून्य झाली. त्या मोबाइल घेऊन पुन्हा आल्या, पडदा माझ्यासमोर धरला आणि शून्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वर्ष झालं रे बरोबर." खरेदीखत मागच्या फेब्रुवारीतलं होतं. घर विकायला काढलं असेल, तर किल्ल्या देण्याआधी ते चलन हातात घ्या.